गिलाव्यापूर्वीचे आणि फरशीपूर्वीचे नळकाम

घराच्या भिंती उभ्या राहून चौकटी बसल्या आणि गवंड्याने गिलाव्यासाठी वाळू चाळायला घेतली की प्रथमच घर बांधणाऱ्या मालकापुढे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो म्हणजे प्लंबरला आधी बोलवावे की नंतर. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, कारण नळकाम एका दमात संपत नाही. त्याचा एक भाग गिलाव्याआड जातो, दुसरा फरशीखाली गाडला जातो आणि तिसरा रंगकाम संपत आल्यावरच करता येतो. पहिले दोन भाग करताना खरी अडचण अशी असते की प्लंबरला नळांची आणि निचऱ्याची तोंडे ज्या पृष्ठभागाशी जुळवायची असतात, तो पृष्ठभाग त्या वेळी अस्तित्वातच नसतो. या प्रकरणातील उत्तरे एकाच न्हाणीघराच्या आधाराने दिली आहेत. ते पहिल्या मजल्यावरचे, पाच फूट रुंद व आठ फूट लांब असून त्याची बाहेरची भिंत नऊ इंची विटांची आणि आतली चार इंची आहे, आणि घराचा सांगाडा आरसीसीचा आहे.

गिलाव्यापूर्वी नेमके कोणते काम पूर्ण झाले पाहिजे?

भिंतीच्या आतून जाणारे आणि पुन्हा डोळ्यांना न दिसणारे सर्व काम. त्यात थंड व गरम पाण्याच्या लपवलेल्या वाहिन्या येतात, शॉवरचा डायव्हर्टर, म्हणजे एकाच मुठीने पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा आणि भिंतीत पुरला जाणारा पितळी भाग येतो, कमोडची टाकी भिंतीत लपवायची असेल तर ती टाकी येते, तसेच गिझर, वॉश बेसिन, वॉशिंग मशीन, ओट्याखालचे सिंक आणि पाणी शुद्ध करणारे यंत्र यांसाठीची तोंडेही येतात. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा पाइप बहुतेक घरांत याच टप्प्यावर विसरला जातो, आणि मग तयार भिंतीवरून एक पांढरी नळी कायमची लोंबत राहते. सोलर बसवण्याचा विचार पुढचा असला, तरी गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतची गरम पाण्याची वाहिनी आताच टाकून तिचे तोंड बंद करून ठेवणे स्वस्त पडते.

मात्र सगळेच नळकाम गिलाव्याच्या आधी उरकावे असा याचा अर्थ नाही. घराच्या बाहेरच्या अंगाने उतरणारे मैल्याचे, सांडपाण्याचे आणि पावसाचे उभे पाइप बाहेरचा गिलावा झाल्यानंतरच बसवावेत, कारण आधी बसवलेल्या पाइपच्या मागे थापी पोहोचत नाही आणि नेमक्या त्याच पट्ट्यातून पावसाळ्यात ओल आत येते. या पाइपांसाठी भिंतीतून आरपार जाणारी भोके आणि त्यांतील आडवे तुकडे मात्र गिलाव्यापूर्वीच बसले पाहिजेत, म्हणजे त्यांच्या कडा गिलाव्याबरोबर भरून निघतात. तुळई किंवा खांब यांतून पाइप न्यायचा असेल, तर काँक्रीट ओततानाच तेथे मोठ्या व्यासाच्या पाइपचा तुकडा ठेवून वाट राखावी लागते. ती राखली गेली नसेल, तर पाइपचा मार्ग बदलावा, तुळई फोडू नये.

भिंतीत खाच किती खोल मारता येते?

उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी खाच एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी, असा वीटकामातील जुना आणि सावध नियम आहे. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या फिकट पिवळसर प्लॅस्टिक पाइपचा, बाहेरचा व्यास सुमारे 22 मिलिमीटर असतो. चार इंची भिंतीचा एक षष्ठांश जेमतेम 17 मिलिमीटर भरतो, म्हणजे अशा भिंतीत हा पाइप आडवा पुरता येत नाही. नऊ इंची भिंतीत तो सहज बसतो. म्हणून आडवी धाव शक्यतो जाड भिंतीतून किंवा न्हाणीघराच्या खोट्या छताच्या वरून न्यावी आणि चार इंची भिंतीत केवळ उभे उतार घ्यावेत. खाचेच्या दोन्ही कडा आधी कटर मशीनने कापून मधला भाग छिन्नीने काढावा. नुसत्या छिन्नी-हातोड्याने पातळ भिंत हादरते आणि तिचे सांधे सुटतात. पाइप बसल्यावर खाच सिमेंट-वाळूच्या मालाने भरून तिच्यावर दोन्ही बाजूंना चार-चार इंच जाईल अशी जाळी मारली, तर गिलाव्यावर पाइपच्या रेषेत उमटणारी चीर टळते.

नळाचे तोंड विटेपासून किती बाहेर ठेवावे?

या प्रश्नाचे उत्तर प्लंबरकडे नसते. ते गवंडी, फरशीवाला आणि मालक यांच्या निर्णयांत विखुरलेले असते. विटेपासून टाइलच्या दर्शनी पृष्ठभागापर्यंतचे अंतर ठरल्याशिवाय एकही तोंड बसवू नये. उदाहरणातील न्हाणीघरात गिलावा 15 मिलिमीटर, टाइल चिकटवण्याच्या रसायनाचा थर 5 मिलिमीटर आणि टाइल 10 मिलिमीटर धरली, तर तयार भिंत विटेच्या 30 मिलिमीटर पुढे येते. टाइल रसायनाऐवजी मालावर बसवायची असेल, तर हा आकडा आणखी वाढतो. पितळी आटे असलेल्या एल्बोचे तोंड या तयार पृष्ठभागाशी समतल राहिले पाहिजे. ते आत गेले तर जोडतुकडा घालावा लागतो आणि गळतीची एक जागा वाढते, आणि बाहेर आले तर नळाची चकती टाइलला टेकत नाही व मागची फट उघडी राहते.

डायव्हर्टरच्या बाबतीत चूक सुधारण्याची सोय त्याहून कमी असते. त्याच्या डब्यावर किंवा प्लॅस्टिकच्या झाकणावर तो किमान व कमाल किती खोल बसवता येईल, याच्या खुणा असतात. समजा, निवडलेल्या डायव्हर्टरसाठी त्याच्या पाठीपासून टाइलच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर 50 ते 75 मिलिमीटर चालते. मधला आकडा 62 धरला आणि त्यातून तयार थरांचे 30 वजा केले, तर विटेत 32 मिलिमीटरची खाच हवी. इथपर्यंत हिशेब सरळ आहे. पण विटांची भिंत क्वचितच ओळंब्यात असते, आणि ज्या ठिकाणी ती 15 मिलिमीटर आत गेलेली आहे तेथे गवंडी ती सरळ करण्यासाठी 15 ऐवजी 30 मिलिमीटर गिलावा चढवतो. त्यामुळे तेच अंतर 77 होते आणि डायव्हर्टरची मूठ बसवण्यासाठी पुढे दांडाच उरत नाही. असा दोष सहा महिन्यांनी, टाइल लागून नळ बसवायच्या दिवशी, उघडकीस येतो आणि तेव्हा टाइल फोडण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही.

यावरचा उपाय फुकटचा आहे, तरी तो फार थोड्या ठिकाणी केला जातो. गिलाव्याची जाडी ठरवण्यासाठी गवंडी भिंतीवर ओळंबा आणि दोरी लावून मालाचे छोटे ठिपके मारतो व पुढे त्यांच्या पातळीत गिलावा ओढतो. हे ठिपके सहसा प्लंबर निघून गेल्यावर मारले जातात. न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात ते प्लंबर येण्यापूर्वी मारून घ्यावेत, म्हणजे दोन ठिपक्यांवर सरळ पट्टी टेकवून भावी गिलाव्याचा पृष्ठभाग हाताने दाखवता येतो आणि प्लंबर त्यापुढे 15 मिलिमीटर मोजून तोंड निश्चित करतो. मिक्सरची दोन तोंडे एकमेकांपासून मध्य ते मध्य 150 मिलिमीटर आणि एका पातळीत ठेवावीत. गरम पाण्याचे तोंड समोरून पाहणाऱ्याच्या डावीकडे असते. उंचीची मापे स्लॅबवरून कधीच घेऊ नयेत. तयार फरशीपासून एक मीटर उंचीची रेघ पाणी भरलेल्या पारदर्शक नळीच्या साहाय्याने सगळ्या खोल्यांतून मारून घ्यावी आणि प्लंबर, वायरमन व फरशीवाला या तिघांनी तिच्यावरूनच मोजावे.

पाइप गिलाव्याआड जाण्यापूर्वी त्यांची परीक्षा कशी घ्यावी?

गच्चीवरच्या टाकीतून पाणी सोडून सांधे कोरडे दिसले, म्हणजे परीक्षा झाली असे अनेक ठिकाणी मानले जाते, आणि ही समजूत घातक आहे. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब. उदाहरणातील न्हाणीघर टाकीच्या पाण्यापासून चार मीटर खाली असेल, तर तेथे दाब अर्धा किलोही नसतो. ज्या सांध्याला सॉल्व्हंट, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करणारा द्रव, लावायचेच राहून गेले आहे, असा नुसता घट्ट खोचलेला सांधाही इतका कमी दाब कित्येक महिने सोसू शकतो. पुढे कधी दाब वाढवणारा पंप बसवला किंवा गरम-थंड पाण्याने पाइप वारंवार ताणला-आखडला की तो सुटतो, आणि तेव्हा तो टाइलच्या मागे असतो.

म्हणून हातपंपाने दाब देऊन परीक्षा घ्यावी. शेवटचा सांधा चिकटवल्यानंतर साधारण 24 तास जाऊ द्यावेत, सर्व तोंडांना आट्यांचे प्लग लावावेत आणि मिक्सरच्या जागी गरम व थंड वाहिन्या एका लवचिक नळीने जोडून दोन्हींची परीक्षा एकदम करावी. सर्वांत वरचे तोंड किंचित सैल करून वाहिनीतील हवा पूर्ण काढून टाकावी, कारण अडकलेली हवा दाबली जाते आणि लहान गळतीतही मीटरचा काटा फारसा हलू देत नाही. नंतर दाब हळूहळू वाढवून पाइप उत्पादकाने सांगितलेल्या चाचणीदाबावर न्यावा; घरगुती कामात तो बहुधा 6 ते 10 किलोंच्या दरम्यान ठेवतात. दोन तास काटा स्थिर राहावा. रात्रभर ठेवल्यास पहाटे काटा थोडा उतरलेला दिसू शकतो, कारण प्लॅस्टिकचा पाइप आणि त्यातील पाणी गारव्याने आखडते. उन्हे वर आल्यावर तो पुन्हा चढला तर गळती नाही, आणि उतरतच राहिला तर आहे. गळती सापडत नसेल, तर प्रत्येक सांधा कोऱ्या कागदाने पुसत जावे, ओलीचा ठसा कागदावर लगेच उमटतो.

परीक्षा उतरली तरी पाणी आणि मीटर काढून घेऊ नये. गिलावा आणि भिंतीच्या टाइलचे काम चालू असताना वाहिनीत दोन-तीन किलो दाब ठेवला, तर कोणाचा खिळा किंवा ड्रिल पाइपला लागल्याबरोबर काटा खाली येतो, आणि दोष कोणाचा यावर वाद होत नाही. याच सुमारास प्रत्येक भिंतीचे, पाइपशेजारी मोजपट्टी धरून आणि एक मीटरची रेघ दिसेल अशा रीतीने, छायाचित्र काढून ठेवावे. पुढे आरसा किंवा टॉवेलची दांडी बसवताना त्याच छायाचित्रावरून ड्रिल कोठे चालवू नये ते कळते.

फरशीपूर्वी काय पूर्ण व्हावे आणि पातळ्यांचा हिशेब कसा मांडावा?

फरशीखाली निचऱ्याचे पाइप, नहाणी ट्रॅप आणि कमोडचा बेंड हे सारे जाते. नहाणी ट्रॅप म्हणजे जाळीखालचे ते भांडे, ज्यात सुमारे 50 मिलिमीटर पाणी कायम अडून राहते आणि पाइपातली दुर्गंधी व झुरळे वर येऊ देत नाही. हे सामावण्यासाठी न्हाणीघराचा स्लॅब आजूबाजूपेक्षा खाली घेतात. त्याला बुडीत किंवा संकन स्लॅब म्हणतात. त्याची खोली स्लॅब ओतण्याच्या वेळीच ठरून गेलेली असल्यामुळे प्लंबरचा हिशेब खरे तर त्या दिवशी व्हायला हवा, पण बहुधा तो होत नाही आणि सगळीकडे सवयीने ठरलेला आकडा टाकला जातो.

उदाहरणातील न्हाणीघरात बाहेरच्या खोलीची तयार फरशी शून्य मानावी. दाराशी न्हाणीघराची फरशी 20 मिलिमीटर खाली असते. दारापासून ट्रॅप दोन मीटर दूर आहे आणि फरशीला 80 मध्ये 1 उतार द्यायचा आहे, म्हणजे तेवढ्या अंतरात 25 मिलिमीटर घट येते आणि जाळीचा माथा उणे 45 वर बसतो. निवडलेल्या ट्रॅपची एकूण उंची 200 मिलिमीटर असेल, तर त्याचा तळ उणे 245 वर येतो. त्याखाली जलरोधनाचे आणि संरक्षक मालाचे थर मिळून 40 मिलिमीटर जातात, म्हणजे बुडीत स्लॅबचा माथा उणे 285 वर हवा. बाहेरच्या खोलीत स्लॅबवर मालाचा थर व फरशी मिळून 60 मिलिमीटर येणार असल्याने शेजारच्या स्लॅबपासून मोजलेली खोली 225 मिलिमीटर, म्हणजे सुमारे नऊ इंच होते. ट्रॅपमधून निघणारा पाइप त्याच्या तळापेक्षा बराच वर असतो, त्यामुळे भिंतीपर्यंतच्या दोन मीटरमध्ये त्याला 50 मध्ये 1 उतार, म्हणजे 40 मिलिमीटरची घट द्यायला पुरेशी जागा उरते. जमिनीवर बसणाऱ्या कमोडचा बेंड मात्र ट्रॅपपेक्षाही अधिक खोली मागू शकतो, म्हणून त्याचा हिशेब स्वतंत्रपणे करावा.

स्लॅब सहा इंचच बुडवलेला निघाला, तर तीन इंच जागा कमी पडली म्हणून न्हाणीघराची फरशी उंच करू नये, कारण दाराशी पायरी तयार होते आणि उलटून आलेले पाणी खोलीत शिरते. कमी उंचीचा ट्रॅप घ्यावा, किंवा ट्रॅपचे तोंड स्लॅबमधून खाली काढून पाइप तळमजल्याच्या छताखालून न्यावेत आणि कमोड भिंतीवर टांगणारा निवडावा. दोन्ही मजले एकाच कुटुंबाचे असतील, तर खालून नेलेला पाइप दुरुस्तीला सोपा असतो. त्याचा आवाज तेवढा सहन करावा लागतो.

कमोडचे मॉडेल याच टप्प्यावर विकत घ्यावे, किमान त्याचा मापांचा कागद तरी हाती असावा. ज्या कमोडचा निकास खाली आहे आणि भिंतीपासून त्याचे अंतर नऊ इंच, म्हणजे सुमारे 225 मिलिमीटर दिले आहे, त्यासाठी विटेपासून 255 मिलिमीटर मोजावे लागतात, कारण मधले 30 मिलिमीटर गिलावा व टाइल खाणार असतात. विटेपासूनच 225 मोजले, तर टाइल लागल्यावर 195 उरतात आणि कमोडची टाकी भिंतीला अडते. हीच चूक सर्वाधिक ठिकाणी दिसते.

जलरोधन, भरणी आणि फरशी यांचा क्रम कोणता असावा?

निचऱ्याचे पाइप बसवून स्लॅबच्या आणि भिंतीच्या भोकांभोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरावी, पाइपांची खालची तोंडे बंद करून त्यांत पाणी भरावे आणि ते तासभर उतरत नाही याची खात्री करावी. त्यानंतर बुडीत भागाचे जलरोधन होते. त्याचा लेप भिंतीवर तयार फरशीच्या वर साधारण एक फूट चढवायचा असल्यामुळे तेवढा पट्टा गिलाव्यातून सोडलेला असावा. गिलावा आधीच तळापर्यंत आला असेल, तर लेप विटेवर न बसता गिलाव्यावर बसतो आणि ओल त्याच्या मागून खाली उतरते. लेप वाळल्यावर बुडीत भागात पाणी तुंबवून भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करावी आणि किमान 48 तास वाट पाहावी. काही मिलिमीटर पाणी हवेत उडून जाते, ते ध्यानात घेऊन निर्णय खालच्या छतावर ओल आली की नाही यावरून करावा.

भरणीपूर्वी बुडीत स्लॅबच्या सर्वांत खालच्या बिंदूवर दीड-दोन इंची वेगळा निकास-पाइप काढून तो बाहेर उघड्यावर सोडण्याची पद्धत आहे. पुढे कधी फरशीतून पाणी झिरपले, तर ते तेथून ठिबकते आणि छत ओले होण्याआधी गळतीची वार्ता मिळते. हा पाइप मैल्याच्या पाइपला जोडल्यास फायद्याऐवजी दुर्गंधी मिळते, आणि तो जोडण्याचा आळस फार प्रचलित आहे. भरणी करताना विटांचे मोठे तुकडे पाइपवर टाकू नयेत. पाइपभोवती आधी माल किंवा बारीक भरणी दाबून मग बाकीची करावी. भरणीवर उताराचा कोबा करून जलरोधनाचा दुसरा हात द्यावा. टाइल लावताना भिंतीची सर्वांत खालची रांग सोडून आधी वरची भिंत, मग फरशी आणि शेवटी ती रांग लावावी, म्हणजे भिंतीवरून उतरणारे पाणी सांध्यात न शिरता फरशीवर पडते.

या काळात ट्रॅपचे तोंड सिमेंटच्या पिशवीचा कागद कोंबून बंद केलेले आढळते. तो भिजून आत जातो, आणि फरशी धुताना त्याच्यामागून सिमेंटचा राडाही जातो व भांड्यात दगडासारखा घट्ट होतो. नव्या घरातील तुंबलेल्या मोऱ्यांचे हे नेहमीचे कारण आहे. कंपनीचे प्लॅस्टिकचे झाकण लावून त्यावर चिकटपट्टी मारणे पुरेसे असते.

तळमजल्यावर हाच क्रम चालतो का?

पाण्याच्या वाहिन्यांसाठी चालतो, निचऱ्यासाठी नाही. तळमजल्यावरील निचऱ्याचे पाइप जोत्याच्या भरावात, फरशीखालचे काँक्रीट पडण्यापूर्वी टाकावे लागतात, आणि तो भराव पाणी मारून नीट दबलेला नसेल तर पाइप खचून त्याचा उतार उलटा होतो. उतार मोजण्याची सुरुवात घरातून न करता रस्त्याकडच्या शेवटच्या चेंबरपासून करावी. कमोडपासून तो चेंबर 12 मीटर दूर असेल आणि चार इंची पाइपला 60 मध्ये 1 उतार द्यायचा असेल, तर 200 मिलिमीटरची घट लागते. चेंबरचा तळ तेवढा खाली नसेल, तर जोत्याची उंची ठरवतानाच ती वाढवावी लागते.

गिलावा आणि फरशी झाल्यावर प्लंबरसाठी काय उरते?

नळ, शॉवर, बेसिन, कमोड, गिझरच्या जोडण्या, जाळ्या, बाहेरचे उभे पाइप आणि चेंबरची झाकणे. नळ बसवण्यापूर्वी सर्व प्लग काढून वाहिन्यांतून दहा मिनिटे जोराने पाणी सोडावे, कारण पाइप कापताना पडलेला भुसा आणि वाळू नव्या नळांच्या जाळीत व डायव्हर्टरच्या आतल्या चकत्यांत अडकते, आणि तशा नळाची धार पहिल्याच दिवशी बारीक होते.